आत्मचरित्र आणि आठवणींचं पुस्तक: अकरावीच्या वर्गाला फरक कसा दाखवायचा?

शाईपेन
नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा कथा-कविता जरा बाजूला ठेवून ललितेतर गद्याचा एक घटक घ्यायचा आहे. पाच-सहा तासिका मिळतील. त्यात आत्मचरित्र आणि आठवणींचं पुस्तक (इंग्रजीचे सर ज्याला मेमॉयर म्हणतात ते) शेजारी शेजारी ठेवून शिकवायचा विचार आहे.

तक्ता माझ्याकडे तयार आहे. आत्मचरित्र म्हणजे जन्मापासून आजपर्यंत, आठवणी म्हणजे आयुष्याचा एखादा तुकडा. मुलं तो पाठ करतील, दोन गुण घेतील, आणि उद्या हातात पुस्तक दिलं की माझ्याकडेच बघतील. म्हणून दोन खरी पुस्तकं घ्यायची ठरवली आहेत. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) आणि धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' (१९१५). पाच वर्षांचं अंतर, पुण्याचं तेच सुधारकी वर्तुळ, आणि दोन्हीकडे दुसऱ्या लग्नाची गोष्ट. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ साली वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमेशी लग्न केलं. कर्व्यांनी पहिल्या पत्नीमागे १८९३ साली गोदूबाई या विधवेशी केलं.

तर कोणते उतारे द्यावेत? आणि तो तक्ता ठेवू की फाडू?

अटलांटिकपार
तक्ता ठेवा की! माझी मुलगी न्यू जर्सीत सातवीत आहे, त्यांना हा घटक दर वर्षी असतो. त्यांच्या बाई सांगतात, अख्खं कलिंगड नको, एक बी निवडा. म्हणजे 'माझं बालपण' नाही, तर 'आजीने मला सायकलवरून पडताना पाहिलं तो दिवस'. एक बी म्हणजे मेमॉयर, कलिंगड म्हणजे ऑटोबायोग्राफी. मुलांना पटकन कळतं. लेकीने तीन पानं लिहिली विमानतळावर आजोबांना निरोप दिला त्यावर, आणि मी स्वयंपाकघरात डोळे पुसत वाचली.

बोकोबा
आमच्या खात्यातले एक साहेब निवृत्त झाले आणि त्यांनी आत्मचरित्र छापून सगळ्यांना घरपोच दिलं. सुरुवातीची साठ पानं कुळाचा मूळ पुरुष कोकणातून घाटावर कसा आला. पुढची शंभर बदल्या. त्यात बी सापडली नाही. पण कलिंगड होतं म्हणावं तर गरही नव्हता. :)

पोथीनिष्ठ
शाईपेनताई, पुस्तकांची जोडी छान निवडली आहे. आणि गंमत अशी की याच जोडीने तुमचा तक्ता फाटतो.

कर्वे जन्मले १८५८ साली. 'आत्मवृत्त' आलं १९१५ साली, म्हणजे ते सत्तावन्न वर्षांचे असताना. महिला विद्यापीठ निघालं १९१६ साली. भारतरत्न १९५८ साली. वारले १९६२ साली. ज्या कामासाठी आज रस्त्यांना त्यांचं नाव आहे, त्यातलं निम्मं त्या पुस्तकात नाही, कारण ते अजून व्हायचं होतं. १९३६ मध्ये त्यांना इंग्रजीत पुन्हा लिहावं लागलं. मग 'अख्खं आयुष्य' कुठे गेलं? तरी ते आत्मचरित्रच आहे, याबद्दल कोणाला शंका नाही.

गांधींचं घ्या. 'नवजीवन'मध्ये १९२५ पासून हप्त्याहप्त्याने आलेली आत्मकथा. ती १९२०-२१ च्या आसपास थांबते, पुढचं आयुष्य लोकांना ठाऊकच आहे म्हणून. आणि प्रस्तावनेत ते सांगतात की मला रीतसर आत्मचरित्र लिहायचंच नाही, सत्याचे प्रयोग सांगायचे आहेत.

अटलांटिकपार यांच्या शाळेतली युक्ती चुकीची नाही. पण ती मुलांना *लिहायला* बसवण्यासाठी आहे. समोर आलेलं पुस्तक ओळखायला तिचा फारसा उपयोग नाही. रमाबाईंचं पुस्तक काही 'बी' नव्हे. १८७३ ते १९०१, अठ्ठावीस वर्षांचा संसार आहे त्यात.

अटलांटिकपार
@पोथीनिष्ठ, मान्य, पण मग रमाबाईंच्या पुस्तकाला तुम्ही कशाच्या जोरावर वेगळ्या खणात टाकता? अठ्ठावीस वर्षं, लग्नापासून क्रमाने. मला तर ते आत्मचरित्रच वाटतंय.

पोथीनिष्ठ
प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहितो.

मी वर्गात (आता निवृत्त आहे, खाली बोकोबांच्या साहेबांसारखं पुस्तक येणार नाही, निर्धास्त राहा) एक गोष्ट विचारायचो. या पुस्तकात काय नसेल तर वाचकाला तक्रार करायचा हक्क आहे?

रमाबाईंचं पुस्तक न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबतं, जानेवारी १९०१. पुस्तक छापलं १९१० साली. मधल्या काळात बाई काय स्वस्थ बसल्या होत्या? पुण्याचं सेवासदन १९०९ सालचं. म्हणजे पुस्तक लिहीत असतानाच त्यांच्या स्वतःच्या कामाचा सगळ्यात मोठा अध्याय सुरू झालेला होता, आणि तो त्यांनी घेतला नाही. वाचकाची तक्रार आहे का? नाही. कारण त्यांनी शब्द दिला होता 'आमच्या' आयुष्यातल्या 'काही' आठवणींचा. ते दोघांचं आयुष्य १९०१ साली संपलं.

आता कल्पना करा, कर्व्यांनी १९१५ च्या पुस्तकात १८९६ चा अनाथ बालिकाश्रम घेतलाच नसता, किंवा पुनर्विवाहानंतर मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर टाकलेला बहिष्कार गाळला असता. वाचक म्हणाला असता, अहो, हिशेब अपुरा आहे. आत्मचरित्रकार स्वतःच्या आयुष्याचा हिशेब द्यायला बसलेला असतो. त्या तारखेपर्यंतचं महत्त्वाचं जे असेल ते त्याने सांगायला हवं, निदान का सांगत नाही ते तरी सांगायला हवं. विद्यापीठ नाही म्हणून तक्रार नाही, कारण ते घडलंच नव्हतं. *घडलं नव्हतं* आणि *घेतलं नाही* यात फरक करायला मुलांना शिकवा, अर्धा घटक तिथेच होईल.

बोकोबा
या हिशेबाने आमच्या साहेबांविरुद्ध माझी तक्रार अशी की जे नको होतं तेच सगळं घेतलंय. त्याला काही कलम आहे का?

पोथीनिष्ठ
ते आत्मचरित्र नव्हे, ते सर्व्हिस बुक.

रातराणी
वाचनखूण साठवली! मी नुकतीच बी.ए. झाले. परीक्षेत 'आत्मचरित्र व आठवणी यांतील फरक स्पष्ट करा' आलं होतं आणि मी तोच तक्ता लिहिला. गुण मिळाले. :D

पण एक सांगू? शाळेत आम्हाला आत्मवृत्त म्हणजे 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' एवढंच माहीत होतं. 'मी एक छत्री. माझा जन्म एका कारखान्यात झाला.' अकरावीतल्या निम्म्या मुलांच्या डोक्यात अजून तीच छत्री असेल. आधी ती मिटवा, मग कर्वे.

बोकोबा
छत्रीची कारखान्यापासून कचराकुंडीपर्यंत सगळी हकीगत येते, हिशेब पूर्ण. पोथीनिष्ठांच्या कसोटीवर छत्री पास.

तिरफळ
कर्व्यांचा उतारा विचारलात म्हणून धावत आलो. आमच्या मुरूडचा माणूस! साताऱ्याच्या परीक्षेचं प्रकरण द्या, दुसरा विचारच करू नका.

१८७५ चं साल. पब्लिक सर्व्हिसची परीक्षा, म्हणजे पास झालं की मास्तरकी वगैरे सरकारी नोकरीचं दार उघडलं. पावसाळी हवेमुळे बोटीचा भरवसा नाही. मग ही मुलं पाठीवर बोजा मारून दापोली तालुक्यातून पायी साताऱ्याला निघाली, कुंभार्ली घाट चढून, शंभराहून जास्त मैल. आज आपण चिपळूणवरून गाडीने कुंभार्ली चढताना कुरकुरतो. पोचले. समितीपुढे उभे राहिले. साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही. वयाची अट सतरा. दाखला होता, वयही भरलं होतं, पण अंगाने पोर किरकोळ. बसूच दिलं नाही परीक्षेला. आले तसे परत.

लहानपणी आमच्या घरी कोणी अभ्यासाला कंटाळलं की ही गोष्ट ऐकवायचे. आम्हाला वाटायचं, चालत जाऊनही नापास म्हणजे न गेलेलंच बरं.

शाईपेन
तिरफळ, हा उतारा नक्की. मुलं सोळा-सतराची आहेत, 'तू सतराचा दिसत नाहीस' हे त्यांना लगेच लागेल. आता याच्या शेजारी रमाबाईंचा कोणता? त्यांना शिकवलं जात असताना घरातल्या बायकांचा झालेला जाच घेऊ का? का पंचहौद मिशनचा चहा आणि नंतरचं प्रायश्चित्त?

पोथीनिष्ठ
दोन्ही मोठे प्रसंग आहेत आणि म्हणूनच पहिल्या तासाला नकोत. मोठा प्रसंग कुठल्याही पुस्तकात मोठाच दिसतो. एखादा बारका घ्या. कलकत्त्याच्या मुक्कामातला न्हावी घ्या.

सरकारी समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्याला होते, रमाबाई बरोबर. तिथे बंगाली शिकायचं त्यांच्या मनाने घेतलं. पुस्तकं आणली, स्वतः शिकून बाईंनाही शिकवायला लागले. एकदा आतून बाईंना बोलणं ऐकू येतं, पाहतात तर दाढी करायला आलेल्या न्हाव्यापुढे हायकोर्टाच्या तोडीचा हा माणूस पुस्तक धरून वाचतोय आणि अडेल तिथे त्यालाच उच्चार विचारतोय. बाईंना हसूही येतं आणि थोडं ओशाळल्यासारखंही होतं.

आता मुलांना दोन्ही उतारे द्या आणि एकच काम सांगा. हा प्रसंग पुस्तकातून उपटून काढा, पुढचं पान उभं राहतं का बघा.

सातारा काढला तर कर्व्यांचं पुढचं आयुष्य समजत नाही. तेव्हा पास झाले असते तर कदाचित मुरूडच्या पंचक्रोशीत मराठी शाळेचे मास्तर होऊन राहिले असते. ते राहिलं म्हणून इंग्रजी शिक्षणाचा लांबचा रस्ता धरला, मॅट्रिकला तेवीस वर्षांचे झाले, १८८४ साली बी.ए., मग १८९१ साली फर्ग्युसनमध्ये गणित. दुवा निखळला की साखळी तुटते. न्हावी काढला तर? रानडे हायकोर्टात जायचे ते जातातच, काहीही अडत नाही. उलट तो प्रसंग पाच वर्षं पुढे किंवा मागे सरकवला तरी चालतो. पण तो गेला तर माणूस जातो. आत्मचरित्रात प्रसंग पुढच्या प्रसंगाला जन्म देतो, आठवणींत तो माणूस दाखवून बाजूला होतो.

मृद्गंध
इतका वेळ गप्प बसून वाचत होते. पोथीनिष्ठ सर, उपटून बघण्याची कसोटी तुम्ही सोयीच्या उताऱ्यांवर वापरलीत. रमाबाईंच्या पुस्तकातून ते लग्नच उपटून बघा की. किंवा पहिल्या रात्रीपासून पाटी-पेन्सिल हातात आली तो भाग. पुढचं काही उरतं का? आणि कर्व्यांच्या पुस्तकात बाजूला होणारे प्रसंग नाहीत? ढिगाने आहेत. मग ही कसोटी पुस्तकाची की पानाची?

दुसरं. दोन्ही पुस्तकं त्याच पुण्याची, त्याच जातीची, त्याच चळवळीची. मुलांना वाटेल की स्वतःबद्दल लिहिण्याचे एवढेच दोन मार्ग आहेत. १९७८ चं 'बलुतं' काढा. दया पवार हा शिकला-सवरलेला माणूस दगडू मारुती पवारची कहाणी ऐकून घेतो, आणि दोघं एकच. स्वतःचाच भूतकाळ समोर बसवून त्याला बोलतं केलंय. बेबी कांबळेंचं १९८६ चं 'जिणं आमुचं' काढा. त्यात पानंच्या पानं वीरगावच्या महारवाड्याची आहेत, आषाढ, पोतराज, बायकांचे हाल. 'मी' कितीतरी वेळ येतच नाही. तुमच्या तक्रारीच्या कसोटीवर तिने नवऱ्याबद्दल, मुलांबद्दल हिशेब दिला नाही म्हणून तक्रार करायची का? आणि तरी ते केवळ 'काही आठवणी' आहेत असं म्हणायची कोणाची छाती आहे?

पोथीनिष्ठ
पानाची. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, कसोटी पानाचीच आहे. कुठल्याही पुस्तकात दोन्ही प्रकारची पानं असतात, प्रश्न राहतो तो कोणती पानं पुस्तक चालवतात एवढाच. रमाबाईंचं लग्न काढून चालणार नाही, पण ती दोन-चार पानं सोडली तर पुढची अठ्ठावीस वर्षं साखळीने जात नाहीत, माणसाभोवती फिरतात.

'जिणं आमुचं'बद्दल मात्र माझी कसोटी लंगडी पडते. तिथे हिशेब आहे, पण तो एका बाईचा नाही, वस्तीचा आहे. त्याला तिसरा खण लागतो, आणि मराठीत तो 'आत्मकथन' म्हणून झालाही. फक्त त्या खणात सगळी दलित पुस्तकं सरसकट कोंबायची सवय मला पटत नाही. 'बलुतं' वाचताना मला तरी पवारांचा स्वतःशी चाललेला झगडा आधी दिसतो आणि वस्ती नंतर.

मृद्गंध
'आधी आणि नंतर' असं वेगळं काढता येतं असं वाटणं, हीच तर सोय असलेल्या वाचकाची खूण. आपलं इथे जमणार नाही. पण शाईपेनताई, निदान दोन पानं द्याच. मुलांनाही भांडू द्या.

नाना_बारामतीकर
जरा वेगळं विचारतो. चालू विषयात घुसल्याबद्दल राग नसावा. आमच्या आजोबांची हस्तलिखित वही सापडली. १९६१ च्या जुलैत पानशेत फुटलं तेव्हा ते पुण्यात शनिवार पेठेत भाड्याने राहत होते. वहीत पुराचा दिवस, पाणी किती चढलं, कुठल्या वाड्याच्या माळ्यावर किती माणसं होती, नंतर कुजलेल्या धान्याचा वास, सगळं तपशिलाने. त्याआधीचं बालपण दोन पानात आणि त्यानंतरची तीस वर्षं एका पानात. आम्ही भावंडं छापायचं म्हणतोय. चुलतभाऊ म्हणतो 'आत्मचरित्र' लिहा मुखपृष्ठावर, वजन येतं. मधल्या वर्षांची भर मी घालू शकतो, माझ्याकडे माहिती आहे. घालू का?

बोकोबा
नाना, धागा अकरावीच्या वर्गाचा आहे. पण वही भारी दिसतेय, बाकावर बसा.

पोथीनिष्ठ
नाना, भर अजिबात घालू नका.

तुमच्या आजोबांच्या जवळचं पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. कर्ज फेडायला दक्षिणा मिळवू म्हणून काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. हे लिहिलं कधी? चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहाने, घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी. छापलं १९०७ साली, तेही वैद्यांच्या हातून बदल होऊन. मुळाबरहुकूम आवृत्तीसाठी पुढे दत्तो वामन पोतदारांची वाट बघावी लागली. त्यात विष्णुभटांचं स्वतःचं आयुष्य थोडंसंच येतं. माणूस तिथे डोळे म्हणून आहे. वाचकाची तक्रार 'तुमचं लग्न कधी झालं ते सांगा' अशी नसते, 'तोफ कुठून डागली ते नीट सांगा' अशी असते.

म्हणून एक करा. आजोबांचा मजकूर जसाच्या तसा छापा, शुद्धलेखनालाही हात लावू नका. तुम्हाला जे माहीत आहे ते वेगळ्या टिपणात, तुमच्या नावाने. आणि पाण्याची उंची, वेळा, वाड्यांची नावं त्या वेळच्या वर्तमानपत्रांशी ताडून बघा. फरक निघाला तर मजकूर दुरुस्त करू नका, टिपेत लिहा. मुखपृष्ठावर 'आत्मचरित्र' लिहिलंत तर वाचक उरलेल्या तीस वर्षांचा हिशेब मागेल आणि वहीत तो नाही.

नाना_बारामतीकर
भाऊ ऐकेल असं वाटत नाही, पण तुमचं हे छापून त्याला देतो. आभार सर.

रातराणी
शाईपेनताई, लेखनाचं काम काय देणार? आमच्याकडे 'तुमच्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग' दिला होता, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना एकदम सहल आठवली.

शाईपेन
तेच टाळायचंय. विचार असा आहे की एकच गोष्ट दोनदा लिहायची. समजा, दहावीनंतर कोणती शाखा घेतली. एकदा साताऱ्यासारखी. आधी काय होतं, कोणी अडवलं, त्यामुळे पुढे काय झालं, आज इथे कसे आलो. आणि दुसऱ्यांदा न्हाव्यासारखी. त्या निर्णयात गुंतलेलं एखादं माणूस, बाबा, मावशी, अर्ज भरून देणारा सायबर कॅफेवाला, त्याला फक्त दाखवायचं. परिणाम सांगायचा नाही.

गेल्या वर्षी साधं आठवणलेखन दिलं तेव्हा काय बिघडतं ते कळलं होतं. शेवटचं वाक्य 'त्या दिवशी मला समजलं की' असं सुरू झालं की वरचा सगळा प्रसंग त्या वाक्याचा नोकर होतो. यंदा ते वाक्य खोडून मगच वही द्यायची असा नियम करणार आहे. आणि आत्मचरित्राच्या बाजूला उलटा बिघाड होतो. इयत्ता, टक्के, क्लासचं नाव, असा बायोडेटा तयार होतो. 'त्यामुळे' हा शब्द एकदाही आला नाही की समजायचं, यादी आहे, वृत्त नाही.

अटलांटिकपार
हे लेकीच्या बाईंना कळवते. त्यांच्याकडे शेवटी धडा लिहायलाच लावतात, 'यातून तुम्ही काय शिकलात' म्हणून. तिच्या विमानतळाच्या लेखात मला खटकलेलं वाक्य नेमकं तेच होतं, आत्ता कळलं.

तिरफळ
कर्व्यांच्या घरातलं तिसरं पुस्तक कोणी कसं काढलं नाही? गोदूबाई, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. 'माझे पुराण', १९४४ चं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. आत्मवृत्तात अण्णा संस्थेला पैसे देतात तो त्याग असतो. बायांच्या बाजूने बघा, तो महिनाअखेरचा प्रश्न आहे. घर त्यांना चालवायचं होतं. साताऱ्याच्या गोष्टीइतकंच हेही आमच्याकडे ऐकलंय, फक्त पुरुष ऐकवायचे ते सातारा आणि आज्या ऐकवायच्या ते हे.

मृद्गंध
हे मला पटलं. एकाच संसाराचा हिशेब दोघांनी मांडला की कळतं, आत्मचरित्रकार कोणाकोणाच्या वतीने 'मी' म्हणतोय.

शाईपेन
दोन तास झाले, म्हणून कळवते. सातारा आणि न्हावी दोन्ही वाचले. उपटून बघण्याचा खेळ मुलांना फार आवडला, एका गटाने तर कर्व्यांच्या उताऱ्यातून कुंभार्ली घाटच काढून दाखवला. 'बोटीने गेले असते तरी बाहेरच काढलं असतं, मग चालत गेले हे कशाला?' यावर दहा मिनिटं वाद. म्हणजे एकाच प्रसंगात साखळीची वाक्यं वेगळी आणि माणूस दाखवणारी वेगळी, हे त्यांचं त्यांनीच शोधलं.

दुसऱ्या तासाला एका मुलीने मला अडकवलं. ती म्हणाली, मॅडम, रमाबाईंचं पुस्तक त्यांच्याबद्दल नाहीच, साहेबांबद्दल आहे, मग याला रानड्यांचं चरित्र का म्हणायचं नाही? मी पुढच्या तासाला बघू म्हटलं आहे. मदत करा.

पोथीनिष्ठ
आता पंचहौदाचा उतारा काढा. १८९० साली मिशनमध्ये घेतलेला चहा, त्यावरून उठलेलं काहूर, आणि पुढे मित्रांसाठी रानड्यांनी घेतलेलं प्रायश्चित्त. चरित्रकाराला त्यात त्यांची भूमिका मांडावी लागली असती, बाजूने किंवा विरुद्ध. रमाबाईंना काय वाटलं, त्या घरात कशा वावरल्या, हे चरित्रकाराच्या कामाचं नाही. त्या पुस्तकातून रमाबाईंना वजा करून बघायला सांगा. जे उरेल ते चरित्र, आणि ते फार थोडं उरेल.

मृद्गंध
किंवा त्या मुलीला सांगा की तुझं बरोबर आहे. बाईला १९१० साली स्वतःबद्दल पुस्तक लिहायचं तर नवऱ्याबद्दल लिहितेय असं म्हणूनच लिहिता येत होतं. प्रकार ठरवताना हे सोडून कसं चालेल? सेवासदन गाळलं ते शब्द दिला होता म्हणून, का परवानगी तेवढीच होती म्हणून?

पोथीनिष्ठ
परवानगी कोणाची? १९१० साली त्यांना अडवणारं घरात कोणी नव्हतं. गोखल्यांची प्रस्तावना आहे त्या पुस्तकाला, पाठबळ होतं.

मृद्गंध
परवानगी घरातूनच घ्यावी लागते असं थोडंच आहे, सर.

शाईपेन
तुम्ही दोघं माझ्या वर्गात येता का? :)

हे दोन्ही मी मुलांपुढे ठेवणार, उत्तर न देता. 'बलुतं' आणि 'जिणं आमुचं'ची दोन-दोन पानं झेरॉक्स केली आहेत, ती चौथ्या तासाला. 'माझे पुराण' आमच्या ग्रंथालयात नाही. कोणाकडे आवृत्ती असेल तर पैशाच्या ओढाताणीचं प्रकरण कुठल्या पानावर आहे ते कळवा, गुरुवारपर्यंत लागेल.

तिरफळ
आमच्या वाचनालयात आहे, उद्या जातो. पानांचे फोटो व्यनि करतो.

बोकोबा
माझ्याकडे साहेबांचं आत्मचरित्र आहे, दोन प्रती. हवं तर बदल्यांचं प्रकरण पाठवतो, उपटून बघायला. कुठूनही उपटा, काही फरक पडत नाही.